रिकाम्या घरांचं ओझं

एका शहरात १०,००० चौक आहेत आणि प्रत्येक चौकातून चार रस्ते शेजारच्या चौकांकडे जातात, असं धरू. हे जाळं संगणकात तक्ता करून, म्हणजे अ‍ॅडजसन्सी मॅट्रिक्समध्ये ठेवलं, तर १० कोटी घरं लागतात. घरागणिक एकच बिट दिला तरी सव्वा कोटी बाइट जातात; ४०,००० घरं सोडली तर बाकी सगळीकडे शून्यच. त्याऐवजी प्रत्येक चौकापुढे फक्त शेजाऱ्यांचे क्रमांक लिहिले, तर ही यादी, म्हणजे अ‍ॅडजसन्सी लिस्ट, सुमारे दोन लाख बाइटांत मावते.

जाळं दाट झालं की मात्र पारडं फिरतं. यादीतला प्रत्येक क्रमांक ३२ बिट घेतो, तक्त्यातलं घर एकच. म्हणून सरासरी शेजारी सुमारे ३१२च्या पुढे गेले, की यादीच जागा उधळू लागते.