‘तू’ कोण? : प्रेमकवितेतील लिंग आणि इंग्रजीतील ‘यू’

भाषांतराच्या तासाला आम्ही कधी कधी चार साध्या ओळी फळ्यावर लिहितो. त्या कोणा कवीच्या नाहीत. उदाहरणापुरत्या आम्हीच रचलेल्या आहेत.

पत्र तू लिहिलेस, ते मी जपून ठेवले.
पाऊस आला की येशील, असे म्हटले होतेस.
पाऊस आला.
तू आला नाहीस.

या ओळी इंग्रजीत नेण्यास सांगितले, की शेवटच्या दोन ओळी बहुधा ‘द रेन केम. यू डिड नॉट.’ अशा उतरतात. भाषांतर शुद्ध आहे, अर्थही पोचला आहे. तरीही मूळ ओळींत जे घडले, ते इंग्रजीत घडलेले नाही. ते काय, हे पाहण्यासाठी प्रथम मराठी क्रियापदाकडे वळावे लागते.

मराठीत ‘तू’ या सर्वनामास लिंग नाही. लिंग उमटते ते क्रियापदावर. ‘तू येतोस’ आणि ‘तू येतेस’, ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ या रूपांतून समोरची व्यक्ती पुरुष की स्त्री हे तत्काळ कळते. परंतु सर्वच रूपे असे सांगत नाहीत. भविष्यकाळातील ‘येशील’ दोघांसही सारखे लागू पडते. जुन्या कवितेतील ‘येसी’, ‘जासी’ ही रूपेही लिंगाविषयी मौन पाळतात. आदरार्थी ‘तुम्ही आलात’ हेही तसेच.

सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात तर क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते. ‘पत्र तू लिहिलेस’ यातील ‘लिहिले’ हे पत्राच्या नपुंसकलिंगामुळे आले. पत्र लिहिणाऱ्याविषयी ते काहीच सांगत नाही. येथे नवख्या वाचकाची एक चूक नेहमी होते. ‘चिठ्ठी तू लिहिलीस’ असे वाचले, की ‘ली’ पाहून तो लिहिणारी स्त्री आहे असे ठरवितो. वास्तविक तो स्त्रीलिंगी प्रत्यय चिठ्ठीचा आहे. ही चूक ओळखण्याची कसोटी सोपी आहे: कर्म बदलून पाहावे. चिठ्ठीच्या जागी ‘निरोप’ ठेवताच ‘लिहिलीस’चे ‘लिहिलास’ होते, आणि प्रत्यय प्रिय व्यक्तीचा नव्हता हे स्पष्ट होते.

आता त्या चार ओळी पुन्हा पाहू. पहिल्या ओळीत पत्रामुळे लिंग झाकलेले राहिले. दुसऱ्या ओळीत ‘येशील’ने ते झाकले, आणि ‘म्हणाला होतास’ असे न लिहिता ‘म्हटले होतेस’ असे लिहिल्यामुळे तेथेही ते उघड झाले नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळींत ‘आला’ हे पुल्लिंगी रूप येते, पण ते पावसाचे आहे. चौथ्या ओळीत तेच ‘आला’ प्रिय व्यक्तीला लागते आणि लगेच नाकारले जाते. म्हणजे वाट कोणाची पाहिली जात होती हे, तो न आल्याचे कळते त्याच क्षणी कळते. शिवाय जो आला तो पाऊस आणि जो आला नाही तो सखा एकाच रूपात बोलले जातात. त्याची जागा पाऊस क्षणभर घेतो आणि ती रिकामीच ठेवतो. ‘तू आली नाहीस’ असे लिहिले असते, तर हा प्रतिध्वनी मोडला असता.

हिंदीत नेताना अडचण वेगळी येते. तेथे ‘तुमने ख़त लिखा’ यातील ‘लिखा’ हे मराठीप्रमाणेच कर्माशी बांधलेले असल्याने मौन पाळते. मात्र हिंदीचा भविष्यकाळ बोलका आहे: ‘आओगे’ किंवा ‘आओगी’ यांपैकी एक निवडावेच लागते, आणि गुपित दुसऱ्याच ओळीत फुटते. जाणता भाषांतरकार तेथे ‘आने की बात कही थी’ अशी वाट काढील. पुढे ‘बारिश’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने पावसाचा आणि सख्याचा मेळ तुटतो. ‘सावन आया, तू नहीं आया’ असे केल्यास तो पुन्हा जुळतो. परंतु ‘तुम’ ठेवल्यास ‘आए’ करावे लागते आणि मेळ अर्धवट राहतो. भगिनीभाषेतही येथे शब्द तोलून घ्यावे लागतात.

इंग्रजीत मात्र तोलण्यास काही उरतच नाही. ‘यू’ लिंग सांगत नाही, त्याचे क्रियापदही सांगत नाही. ‘आय’ची स्थितीही तीच. मग वाचक ती उणीव कवीच्या नावावरून भरून काढतो: कवी पुरुष, म्हणून बोलणारा पुरुष आणि प्रिय व्यक्ती स्त्री. आमच्या परंपरेत हा अंदाज वारंवार चुकतो. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत बोलणारी विरहिणी आहे. राम जोशी, होनाजी बाळा यांसारख्या शाहिरांच्या अनेक लावण्या स्त्रीच्या तोंडी आहेत. मूळ वाचताना क्रियापद पदोपदी त्याची आठवण देते. इंग्रजी वाचकाला ती आठवण करून देणारे कोणी नसते.

तथापि पुल्लिंगी प्रत्यय दिसला की पुरुष, असेही सरसकट मानता येत नाही. उर्दू गझलेत, आणि तिच्या वळणाने लिहिलेल्या हिंदी गझलेत, प्रिय व्यक्तीसाठी पुल्लिंगी क्रियापद योजण्याचा संकेत आहे. ते रूप स्त्रीसाठी असू शकते, पुरुषासाठी असू शकते, ईश्वरासाठीही असू शकते. कवी ते मुद्दाम उघडे ठेवतो. अशा ठिकाणी इंग्रजीतील ‘यू’ तोटा करीत नाही, उलट त्या संदिग्धतेला साथ देते. संकट येते ते तृतीय पुरुषात. ‘वो आए’ याचे भाषांतर करताना ‘ही’ किंवा ‘शी’ यांतून एक निवडावेच लागते, आणि मूळ कवीने न दिलेले उत्तर भाषांतरकार देऊन बसतो. म्हणजे इंग्रजी द्वितीय पुरुषात मूळचे काढून घेते आणि तृतीय पुरुषात मुळात नसलेले घालते.

यावर उपाय आहेत, पण प्रत्येकाची किंमत आहे. संबोधन घालावे, तर ‘सख्या’ किंवा ‘राजसा’ यांच्या तोलाचा, सहज आणि लिंग दर्शविणारा शब्द इंग्रजीत चटकन सापडत नाही. ‘बॉय’ म्हटल्यास सलगी पोरकट होते, ‘माय लॉर्ड’ म्हटल्यास दरबारी होते. शीर्षकात किंवा टिपेत सांगावे, तर जे शेवटच्या शब्दात कळायचे ते आधीच कळते. आमच्या चार ओळींपुरते आम्हास एवढेच सुचते, की पावसाला ‘इट’ऐवजी ‘ही’ म्हणावे: ‘द रेन, ही केम.’ मग पुढील ओळीत प्रिय व्यक्तीवर त्याची सावली पडते. इंग्रजी कानाला ते किंचित खटकेल, आणि तेवढे खटकणे आम्ही पत्करतो.

म्हणून भाषांतरास बसण्यापूर्वी प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि त्यावरील लिंग कर्त्याचे, कर्माचे की निव्वळ संकेताचे, हे समासात नोंदवावे. ते कोणत्या ओळीत प्रथम उघड होते, तेथे खूण करावी. पुष्कळदा कवितेचा मर्म त्याच खुणेपाशी सापडतो.