दहावर एक : अकराव्या पेटीचा हिशेब

सेल्समन काउंटरवर येतो आणि म्हणतो, "शेठ, दहावर एक आहे, म्हणजे दहा टक्के सुटले." इथेच पहिली गफलत होते. दुकानदाराच्या हातात अकरा पेट्या येतात आणि पैसे दहाचे जातात. म्हणजे सूट अकरातली एक, साधारण ९.०९ टक्के. दुसरी कंपनी फुकट माल न देता भावातच सरळ दहा टक्के कापून देत असेल, तर तिचा सौदा जास्त चांगला आहे.

पण खरी गोंधळाची जागा बिल आणि स्टॉक ही आहे. केसांच्या तेलाची पेटी ११०० रुपयांना आहे असं धरू. दहा पेट्यांचे ११,००० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटीचे ५५०, एकूण ११,५५०. टेम्पोतून मात्र अकरा पेट्या उतरतात. बिलावर फक्त दहा लिहिल्या असतील, तर अकरावी पेटी कागदावर कुठेच नाही. दुकानदाराने खरेदी दहाचीच चढवली आणि पुढे अकराही विकल्या, की संगणकात स्टॉक उणे एक दिसतो. विकली नाही, तर गोदामात हिशेबापेक्षा एक पेटी जास्त निघते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला ती बिनबिलाची खरेदी वाटली, तर त्याला दोष देता येत नाही.

म्हणून फुकट पेटी बिलावर यायलाच हवी. ई-इनव्हॉइसच्या नमुन्यात त्यासाठी `FreeQty` नावाचा वेगळा रकानाच आहे. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये `Actual` आणि `Billed` असे दोन रकाने चालू करता येतात. पहिल्यात ११ आणि दुसऱ्यात १० भरलं, की स्टॉक अकराने वाढतो आणि पैसे दहाचेच लागतात. हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण ११,००० रुपये आपोआप अकरा पेट्यांवर वाटले जातात आणि प्रत्येक पेटी १००० रुपयांना पडते.

बरेच जण दोन ओळी लिहितात. एका ओळीत दहा पेट्या ११०० रुपयांनी, दुसऱ्या ओळीत एक पेटी शून्य रुपयांनी. कंगवा किंवा शाम्पूसारखी वेगळीच वस्तू फुकट असेल तर दुसरी ओळ लागतेच. पण वस्तू तीच असताना शून्याची ओळ कधी कधी नफा चुकवते. समजा, आठ पेट्या ११५० रुपयांनी विकल्या, ९२०० रुपये आले. पेटी हजाराला पडलेली, म्हणून नफा १२०० आणि उरलेल्या तीन पेट्यांची किंमत ३०००. आता स्टॉकची किंमत "आधी आलेला माल आधी गेला" या पद्धतीने लावली असेल, तर संगणक आठही पेट्या ११०० च्या धरतो. नफा दिसतो ४०० आणि उरलेल्या तीन पेट्या मिळून २२०० च्या, कारण त्यातली एक शून्याची. वर्षअखेरीला असा माल शिल्लक असला, की त्या वर्षाचा नफा कमी दिसतो आणि पुढच्या वर्षी उगाच फुगतो. सरासरी भावाची पद्धत असेल, तर दोन ओळींनीही हजारच येतात.

कराच्या बाबतीत व्यापाऱ्यांच्या मनात भीती असते की फुकट पेटीवरचं इनपुट क्रेडिट सोडावं लागेल. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. एकावर एक फुकट अशा योजनेत दुसरी वस्तू दान नसते, दोन्ही वस्तू मिळून एकच किंमत घेतलेली असते. त्यामुळे देणाऱ्याला आपलं क्रेडिट उलटवावं लागत नाही. नमुना म्हणून किंवा भेट म्हणून दिलेल्या मालाचं क्रेडिट मात्र मिळत नाही. म्हणूनच स्कीमची पेटी महिन्याभराने नुसत्या चलनावर, मूळ बिलाचा उल्लेख न करता पाठवू नये. तशी पाठवली, तर ती भेट नव्हे हे पटवायला कागद उरत नाही. दुकानदारानेही अकरावी पेटी विकताना इतर दहांसारखंच बिल करून कर लावायचा असतो.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती माल परत येताना. दुकानदाराने दोन पेट्या परत केल्या आणि वितरकाने बिलावरचा ११०० चा भाव बघून २२०० ची क्रेडिट नोट दिली, तर दुकानदाराला दोनशे रुपये जास्त गेले. त्याने हळूहळू सगळा माल परत केला, तर ११,००० भरून १२,१०० चं क्रेडिट त्याच्या खात्यावर जमा होईल. परत आलेल्या पेटीचा भाव हजारच, म्हणजे दोन पेट्यांचे २००० आणि त्यावरचा कर १०० रुपये. हे मूळ बिलावर अकरा नग लिहिलेले असतील तरच दाखवता येतं.