चाळीस लेझिमी, एक आवाज

शाळेचे लेझीम पथक कितपत बसले आहे हे जोखायचे असेल तर पथकाकडे पाठ करून उभे राहावे. समोरून पाहताना फेटे, रांगा, मुलांचे चेहरे यांत नजर गुंतते आणि कान ढिले पडतात. पाठ केली की उरतो तो फक्त आवाज. चाळीस लेझिमी एका क्षणी मिटल्या तर एकच ‘छन्’ ऐकू येतो. मुले मागेपुढे असतील तर तोच आवाज ‘छनननन’ असा फरफटत जातो. सहावी ते आठवीच्या वर्गाला लेझीम शिकवण्याचे बरेचसे काम ही फरफट शोधणे आणि एकेक करून तिची कारणे काढून टाकणे, एवढेच असते.

शाळेतली लेझीम म्हणजे साधारण हात-सव्वाहात लांबीचा लाकडी दांडा. त्याच्या दोन टोकांना साखळी अडकवलेली, साखळीत लोखंडी चकत्या आणि मधोमध धरायला मूठ. डाव्या हातात दांडा आणि उजव्या हातात मूठ, ही धरण्याची नेहमीची पद्धत. जुन्या तालमींतली धनुष्याच्या आकाराची जड लेझीम पैलवान व्यायामासाठी ओढत. ही पकडही धनुष्याचीच आहे. हात ताणले की साखळी ताठ होते, जवळ आणले की चकत्या दांड्यावर आपटतात. डावखुऱ्या मुलांनाही हीच पकड शिकवावी. रांगेत एकाची लेझीम उलटी असेल तर शेजाऱ्याच्या कोपराला दांडा लागतो.

हिंदी लेझीम चार आकड्यांवर चालते. ‘चार आवाज’, ‘एक जगह’, ‘आदी लगाव’, ‘पवित्रा’, ‘दो रुख’ ही तिच्या हातांची नावे कित्येक शाळांच्या मैदानांवर आजही पुकारली जातात. घाटी लेझिमीचा पाया आठ आवाजांचा असतो आणि ती पायांनी अधिक खेळली जाते. नवशिक्या वर्गासाठी चार आकड्यांची लेझीम घ्यावी, असे मला वाटते. मुलांच्या चालण्यात, टाळ्यांत आणि कवायतीत चारची मोजणी आधीच मुरलेली असते.

समजा सातवीचा चाळीस मुलामुलींचा वर्ग आहे, आठवड्याला दोन तासिका आहेत आणि हातात आठ आठवडे आहेत. पहिल्या दोन आठवड्यांत लेझीम कपाटातच राहू द्यावी. मुलांना हे आवडत नाही, पण इथे नमते घेऊ नये. चकत्यांचा खणखणाट एकदा सुरू झाला की कोणाचा पाय चुकतो आहे हे शिक्षकालाही कळत नाही आणि त्या मुलालाही. या चार तासिकांत एक मूल हलगी वाजवते आणि बाकीची त्या ठोक्यावर चालतात, वळतात, पहिल्या आकड्यावर टाळी देतात. मिनिटाला सत्तर ते ऐंशी ठोके पुरेत. मग चालता चालता हलगी मध्येच चार ठोके थांबवायची. वर्ग चालतच राहतो आणि पाचव्या ठोक्याला हलगी परत येते. ती येते तेव्हा पाय तिच्याबरोबर पडला तर ताल मुलांच्या अंगात उतरू लागला आहे असे समजावे. पहिल्या दिवशी बहुतेक वर्ग हलगीच्या आधीच पोचलेले असतात, कारण आवाज थांबला की मुले घाई करतात. चार ठोके जमले की आठ ठोके गप्प राहून पाहावे. याहून चांगली तालाची परीक्षा मला माहीत नाही. तिला खर्चही काही येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात लेझीम हातात येते आणि त्याबरोबर सगळ्यात मोठी अडचण समोर उभी राहते. मुले ठोका ऐकतात आणि मग हात हलवतात. ऐकून हात हलायला साधारण पाव सेकंद जातो आणि दोन्ही हात जवळ येऊन चकत्या वाजेपर्यंत आणखी थोडा. म्हणजे ऐकून वाजवणारे मूल कायम उशिरा वाजणार. हात ठोक्यावर निघायला नको, ठोक्यावर पोचायला हवा. त्यासाठी निघायचे आधीच. ‘वेळेवर वाजवा’ असे कितीही ओरडून सांगितले तरी हे मुलांना उमगत नाही, कारण आपण वेळेवरच वाजवतो आहोत असे त्यांना मनापासून वाटत असते. त्यापेक्षा आकड्यांच्या मधली जागा बोलायला लावावी : ‘एक आणि दोन आणि तीन आणि चार’. ‘आणि’ म्हणताना हात उघडायचा, आकड्यावर मिटायचा. उघडण्याला स्वतःची जागा मिळाली की मिटणे आपोआप जागेवर येते. दोन-तीन तासिकांनंतर ‘आणि’ मनातल्या मनात म्हणायला सांगावे.

उभ्या जागी चार आवाजांची एक सोपी मांडणी अशी करता येते : एकला गुडघ्यांपाशी वाकून, दोनला छातीसमोर, तीनला डाव्या खांद्यापाशी आणि चारला उजव्या खांद्यापाशी. वर्ग फरफटतो तो जवळजवळ नेहमी एक आणि दोनच्या मध्ये. वाकलेले अंग वर आणायला तीनवरून चारवर जाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि मुले तेवढाच वेळ गृहीत धरतात. शिवाय या वयात उंची भराभर वाढत असते. मे महिन्यात ज्या हातांचा अंदाज पक्का होता ते नोव्हेंबरात लांब झालेले असतात. वर्गातल्या मुली बऱ्याचदा मुलांच्या आधी उंच होतात. लांब हाताला गुडघ्यापासून छातीपर्यंत मोठा पल्ला गाठावा लागतो. अशा मुलाला ‘लक्ष नाही’ म्हणून रागावणे अन्यायाचे आहे. त्याला थोडे कमी वाकायला सांगितले की तो पुढच्याच आवर्तनात जुळतो. सगळ्यांनी सारखेच वाकावे हा आग्रह सोडावा आणि सगळ्यांनी एकाच वेळी पोचावे हा धरावा.

पाय मग जोडायचे. हात येतात, पायही येतात, पण दोन्ही एकत्र केले की दोन्ही बिघडतात. तेव्हा हलगी सावकाश करून मिनिटाला पन्नास ठोक्यांवर आणावी आणि फक्त पहिल्या आकड्याचा पाय लेझिमीशी जुळवावा. बाकीचे तीन कसेही पडोत. पहिला जुळला की तिसरा, मग दुसरा आणि चौथा. बिघाड झाला तर मुलांनी न थांबता पुढच्या ‘एक’ला परत मिळायचे. चुकल्यावर थांबणारे मूल मागच्या दोघांना अडवते, ‘एक’ची वाट पाहून मिळणारे मूल कोणाच्या लक्षातही येत नाही.

बहुतेक शाळांत चाळीस मुलांना वीस लेझिमी असतात. ही उणीव खरे तर कामाची आहे. मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने वाजवायचे, दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचे आणि आठ आवर्तनांनंतर फक्त एक गोष्ट सांगायची : तुझा आवाज ठोक्याच्या आधी होता, नंतर होता की वर होता. मग अदलाबदल. शिक्षकाला चाळीस जणांचे ऐकता येत नाही. जोडीदाराला एकाचे नक्की ऐकता येते, आणि दुसऱ्याचा उशीर ऐकता ऐकता स्वतःचाही ऐकू येऊ लागतो. वाटण्याआधी लेझिमी तपासून घ्याव्यात. सैल कडी, वाकलेली चकती, दांड्यातून वर आलेला खिळा यांनी बोटे फाटतात. साखळी मिटताना बोट दांड्याच्या आतल्या बाजूला असेल तर चिमटा बसतो, म्हणून पकड पहिल्याच दिवशी पक्की करून घ्यावी.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात रचना येतात आणि इथे थोडे गणित करावे लागते. हात पसरून लेझीम खेळायला मुलामुलांत दीड मीटर अंतर लागते. चाळीस जणांच्या एका वर्तुळाचा परीघ साठ मीटर होतो, म्हणजे व्यास एकोणीस मीटरच्या आसपास. शहरातल्या कितीतरी शाळांच्या पटांगणात तो मावत नाही. मग दोन वर्तुळे करावीत, बाहेर चोवीस आणि आत सोळा. बाहेरचा परीघ छत्तीस मीटर, आतला चोवीस. दोन्हींत दोन मीटरला जरा कमी एवढे अंतर राहते. आता सगळ्यांनी अर्ध्या मीटरचे पाऊल टाकले तर बाहेरचे मूल बहात्तर पावलांत, म्हणजे अठरा आवर्तनांत फेरी पुरी करते आणि आतले बारातच. आतली मुले आधी जागेवर येतात, थबकतात आणि रचना मोडते. मुलांना वाटते कोणीतरी चुकले, पण चूक कोणाचीच नसते. आतल्यांनी पाऊल एक-तृतीयांश मीटरचे, जेमतेम फूटभर टाकले तर दोन्ही फेऱ्या एकदम संपतात. हे शिक्षकाने सांगू नये. खडूने वर्तुळे आखून घ्यावीत, वर्गाला दोनदा मोडू द्यावे आणि उत्तर त्यांनाच काढायला लावावे. सातवीच्या मुलांना परीघ काढता येतो.

शेवटचे दोन आठवडे वर्गाचे आठ-आठ जणांचे पाच गट करावेत. प्रत्येक गटाने बत्तीस ठोक्यांची स्वतःची रचना बसवायची : चार हालचाली, प्रत्येकी आठ ठोके. त्यातल्या एका हालचालीत जागा बदलायची अट घालावी, नाहीतर सगळे गट उभ्यानेच बत्तीस ठोके संपवतात. पुढारी रोज बदलावा. गट अडतो तो बहुधा जागा बदलतानाच, कारण कोण आधी निघणार हे ठरलेले नसते. ठरवताना भांडणे होतात. ती होऊ द्यावीत, फक्त हलगी सुरू झाली की बोलणे बंद. गुण द्यायचे असतील तर गटाचे द्यावेत, आणि त्यांतले निम्मे चार ठोके हलगी थांबल्यावर गट एकत्र राहतो का यासाठी ठेवावेत.

स्नेहसंमेलनाला किंवा प्रजासत्ताक दिनाला हाच वर्ग मोठ्या मैदानावर उतरला की नवेच संकट उभे राहते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ढोल पुढच्या कोपऱ्यात असेल तर ३४ मीटरवरच्या शेवटच्या रांगेला ठोका एक-दशांश सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमधले अंतर अर्धा सेकंद, म्हणजे मागची रांग ठोक्याच्या पाचव्या हिश्श्याने मागे पडते आणि तिचा आवाज पुढे यायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. सराव केलेले पथक अचानक फरफटू लागते ते यामुळे. मागच्या मुलांनी जास्त लक्ष देऊन ऐकले तर ती अधिकच इमानाने उशिरा वाजवतात. यावर दोन उपाय आहेत. ढोल पथकाच्या मध्यभागी ठेवावा म्हणजे सगळ्यात लांबचे मूलही निम्म्या अंतरावर येते. आणि रांगांनी कानापेक्षा डोळ्यांनी जुळावे : समोरच्याचा दांडा वर गेला की आपला वर. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात महाराष्ट्राची लेझीम झाली होती. तेवढ्या स्टेडियमवर शंभर मीटर लांबच्या माणसाला ठोका पाव सेकंदाहून अधिक उशिरा ऐकू येतो. तिथे नजर हाच ताल.

कार्यक्रमाच्या दिवशी लयही वाढते. टाळ्या पडल्या की हलगीवाला नकळत हात उचलतो आणि ९० ठोक्यांवर बसवलेली रचना ११५ वर जाते. मग वाकून उठणारा तो ‘दोन’ पुन्हा मागे पडतो. म्हणून रंगीत तालमीला एका मुलाच्या हाती घड्याळ द्यावे. पंधरा सेकंदांत बावीस-तेवीस ठोके मोजले गेले तर ठीक, अठ्ठावीस झाले तर त्याने हलगीवाल्यासमोर जाऊन तळहात खाली दाखवायचा. पथकात जागा न मिळालेल्या मुलाला हे काम देऊ नये. ज्याचा ‘एक’ कधी चुकत नाही अशा मुलालाच द्यावे.