वाढ किती, थकवा किती : व्यायाम निवडताना करायचा हिशेब

वस्तीतली कितीतरी मुले दिवसभर अंगमेहनत करून संध्याकाळी जिमला जातात. आमच्या ओळखीचा एक तरुण बाजारात पोती उचलतो. पाय भरावेत म्हणून तो दर सोमवारी शंभर किलोची डेडलिफ्ट मारायचा. पाच-पाच वेळा, असे चार सेट. मंगळवारी कंबर धरायची, बुधवारी बैठका नीट व्हायच्या नाहीत आणि कामावर पोते उचलताना तो दोनदा विचार करायचा. चार महिने झाले, तरी मांडीचा मागचा भाग होता तसाच होता.

मेहनत कमी नव्हती. चुकली होती ती व्यायामाची निवड.

प्रत्येक व्यायाम दोन गोष्टी देतो. ज्या स्नायूसाठी तो करतो त्याला वाढीची चालना मिळते आणि सगळ्या अंगाला थकवा येतो. चालना मोजताना दांड्यावर किती किलो आहेत, एवढेच पाहून चालत नाही. तो स्नायू स्वतः जवळजवळ थकेपर्यंत, म्हणजे आणखी एक-दोन वेळाच जमेल इथपर्यंत काम करतो का, हे महत्त्वाचे. तसे झाले, तर सहा वेळा जड वजन उचला किंवा वीस वेळा हलके, स्नायूची वाढ साधारण सारखीच होते. थकवा मात्र कंबर, सांधे, हाताची पकड असा सगळीकडे पसरतो. म्हणून कमी थकव्यात जास्त चालना देणारा व्यायाम निवडावा.

आता डेडलिफ्ट पाहू. दांडा जमिनीवरून उचलताना पाय, कंबर, पाठ आणि पकड सगळे एकदम जुंपतात. बहुतेकांची कंबर किंवा पकड आधी दमते आणि सेट तिथेच संपतो. मांडीच्या मागच्या स्नायूला अजून काम झेपले असते, पण त्याची पाळी येतच नाही. शिवाय वर नेलेला दांडा अनेक जण झटकन खाली सोडतात. वजन सावकाश खाली नेताना स्नायूला जो ताण मिळतो, तो असा वाया जातो.

त्या तरुणाला आम्ही रोमानियन डेडलिफ्ट करायला सांगितली. यात दांडा हातात धरून उभे राहायचे. गुडघे किंचित वाकवून तसेच ठेवायचे. पाठ सरळ ठेवून, मागचे दार नितंबाने ढकलावे तसे नितंब मागे न्यायचे. दांडा मांडीला लागूनच सावकाश, तीन आकडे मोजत, गुडघ्याच्या थोडा खाली न्यायचा. मांडीमागे चांगला ताण जाणवला की वर यायचे. पाठ गोल होऊ लागली, तर तेवढे खाली जाऊ नये.

वजन शंभरावरून साठ किलोवर आले. दहा-दहा वेळांचे तीन सेट, मध्ये तीन मिनिटे विश्रांती. पहिल्याच दिवशी मांडीचा मागचा भाग तटतटला. दोन दिवस तिथेच दुखले, पण कंबर मोकळी राहिली. बुधवारच्या बैठका पुन्हा नीट होऊ लागल्या आणि काही आठवड्यांत तो तेच साठ किलो बारा वेळा उचलू लागला.

हा हिशेब घरच्या वहीतही करता येतो. प्रत्येक व्यायामापुढे तीन गोष्टी लिहा. सेट संपला तेव्हा आधी काय दमले, हवा तो स्नायू की दुसरेच काही? दुसऱ्या दिवशी कुठे दुखले, स्नायूत की सांध्यात आणि कंबरेत? पुढच्या खेपेला तेवढेच वजन तेवढ्याच वेळा, निदान एकाने जास्त, उचलता आले का? सलग तीन आठवडे उत्तरे उलटी आली, तर व्यायाम बदलून पाहा. पण दर आठवड्याला बदलू नका. नव्या व्यायामाने पहिल्यांदा अंग दुखतेच आणि नुसते दुखणे म्हणजे वाढ नव्हे.

या हिशेबाला मर्यादाही आहेत. ज्याला पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरायचे आहे, त्याला डेडलिफ्ट करावीच लागते, कारण तोच त्याचा खेळ आहे. एखाद्याची ठेवणच अशी असते की त्याला डेडलिफ्टनेही कंबर न दुखता मांडीला ताण मिळतो. त्याने ती सोडू नये. उलट रोमानियन डेडलिफ्टनेही कंबरच आधी दमत असेल, तर वजन कमी करून हालचाल तपासावी. आणि कंबरेतून पायात कळ जात असेल किंवा मुंग्या येत असतील, तर वही बाजूला ठेवून व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.