रजेवर निघालेल्या सहकाऱ्याला चार ओळी

बँकेच्या एखाद्या शाखेत किंवा कुठल्याही ऑफिसात कोणी बाळंतपणाच्या रजेवर निघाली की शेवटच्या दिवशी संध्याकाळी ग्रुपवर साधारण असा मेसेज पडतो: ‘हार्दिक अभिनंदन! इथली अजिबात काळजी करू नकोस, मार्चएन्ड आम्ही सांभाळून घेऊ. मस्त आराम कर आणि लवकर परत ये. छोट्या राजकुमाराला खूप खूप आशीर्वाद!’ लिहिणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण तो वाचणारी त्या क्षणी कुठे आहे, हे लक्षात घेतलं तर यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य बदलावंसं वाटतं.

ती कुठे असते, याचा अंदाज कायद्यावरूनही येतो. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. म्हणजे आपला मेसेज तिला मिळतो तेव्हा बाळ यायला कधी आठवडा, तर कधी दोन महिने बाकी असतात. बॅग भरायची असते, माहेरी जायचं असतं, सोनोग्राफीच्या तारखा असतात आणि मनात धाकधूक असते. बाळ हातात येईपर्यंत अभिनंदन नको, आधी पाळणासुद्धा आणायचा नाही, असं मानणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या रिवाजामागचं कारण जुनं आणि खरं आहे: सगळं नीट पार पडेलच, याची खात्री कोणालाच नसते. म्हणून या टप्प्यावर अभिनंदनापेक्षा ‘सुखरूप बाळंत हो’ हे आपल्या आज्या म्हणत आल्या तेच जास्त शोभतं. त्यात आईचा विचार आधी आहे.

मार्चएन्डचं वाक्य तर काढूनच टाकावं. ‘काळजी करू नकोस’ असं वाचलं की नेमकी काळजी सुरू होते. अर्धवट राहिलेली फाइल आठवते, कोणाला तरी सांगायचा राहिलेला निरोप आठवतो, आणि ती गाडीत बसल्या बसल्या फोन लावते. कामाचं हस्तांतर ऑफिसात, टेबलावर, दोन दिवस आधी उरकावं. शुभेच्छांमध्ये त्याचा उल्लेखही नको, दिलासा म्हणूनसुद्धा नको.

‘लवकर परत ये’ हेही तसंच. मैत्रिणीने लिहिलं तर ते प्रेम वाटतं. वरिष्ठांनी लिहिलं तर चौकशी वाटते. रजा संपल्यावर आपली खुर्ची आपल्याला मिळेल ना, ही धास्ती अनेक जणी मनात घेऊनच घरी जातात. त्या धास्तीला आपल्या ओळीने खतपाणी कशाला घालायचं?

‘मस्त आराम कर’ लिहिणाऱ्याने तान्ह्या बाळाच्या घरातली एक रात्र डोळ्यांसमोर आणावी. नुकतं जन्मलेलं मूल दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा दूध पितं. म्हणजे दर दोन-तीन तासांनी उठणं आलं, मग ढेकर काढणं, लंगोट बदलणं, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा रडणं. तिला सुट्टीच्या शुभेच्छा दिल्या तर त्या चुकीच्या पत्त्यावर जातात. तिला झोप मिळो, गरम जेवण मिळो, हाताशी माणसं असोत, असं म्हणावं.

आणि राजकुमार? गर्भलिंगनिदानाला आपल्याकडे १९९४च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा मुलगा की मुलगी हे कोणाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. तरीही ‘पेढे की बर्फी’ हा प्रश्न सुटत नाही. घरात सासरकडून ‘मुलगाच हवा’ असं रोज कानावर पडणारी बाई आपल्या शेजारच्या टेबलावर बसत असू शकते. निदान आपल्याकडून तरी तिला फक्त ‘बाळ’ ऐकू यावं.

आता तोच मेसेज पुन्हा लिहू. समजा, ती बाळंतपणाला वाईला माहेरी चालली आहे. डबा खाताना आईच्या हातच्या बाजरीच्या भाकरीची आठवण काढते, हे रोज तिच्यासोबत जेवणाऱ्यांना माहीत आहे. तेवढं पुरेसं आहे:

‘अगं, वाईची थंडी आणि आईच्या हातची भाकरी तुला भरपूर मिळो. रात्री शांत झोप लागो. सुखरूप बाळंत हो. याला उत्तर द्यायची काही गरज नाही.’

चार वाक्यं झाली. पहिल्यात तिची स्वतःची एक गोष्ट आहे, त्यामुळे हा मेसेज दुसऱ्या कोणाला पाठवताच येणार नाही. शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘फोटो पाठव हं’, ‘लगेच कळव’ असं लिहिलं की तिच्यावर एक देणं चढतं. आणि दुर्दैवाने काही विपरीत घडलंच, तर तेच वाक्य तिला टोचत राहतं. बातमी तिच्या सवडीने येऊ द्यावी.

पुरुष सहकाऱ्याला ‘सुखरूप बाळंत हो’ लिहायला अवघड वाटत असेल, तर ‘सगळं सुखरूप पार पडो’ हेही तितकंच आपुलकीचं आहे. ज्यांना एरवी ‘मॅडम, तुम्ही’ म्हणतो, त्यांना याही वेळी तसंच म्हणावं; एका दिवसापुरती सलगी वाढवली तर शब्द उसने वाटतात. मूल दत्तक घेणाऱ्या आईच्या मेसेजमध्ये बाळंतपणाचा विषय अर्थातच येत नाही. तिथे ‘बाळ घरी येतंय, फार आनंद झाला’ एवढंच लिहावं.

बाप रजेवर जातो तेव्हा हिशेब बराचसा उलटा होतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असतील तर १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती प्रसूतीच्या आधी १५ दिवसांपर्यंत किंवा नंतर सहा महिन्यांच्या आत घेता येते. खाजगी नोकरीत कंपनीचं धोरण असेल तेवढे दिवस. पण बहुतेक जण ती बाळ झाल्यावरच घेतात, म्हणून त्याला मोकळेपणाने अभिनंदन करावं. त्याच्या वाट्याला मात्र बहुधा थट्टाच येते: ‘आता झोप विसर’, ‘पार्टी कधी?’, ‘तुला रे कसली रजा?’ शेवटच्या प्रश्नाने मला खरंच वाईट वाटतं. ते पंधरा दिवस बाळंतिणीला आधार द्यायचे आणि बाळाची ओळख करून घ्यायचे असतात.

आपल्याकडे मालिशवाल्या बाई जमिनीवर पाटावर बसतात, पाय लांब पसरतात, बाळाला नडग्यांवर पालथं घेतात आणि कोमट पाणी घालतात. मान कशी सांभाळायची, कानात पाणी कसं जाऊ द्यायचं नाही, हे त्यांच्या हाताकडे बघूनच शिकता येतं. ही विद्या घरातल्या बायकांपुरती राहिली आहे. नव्या बापाला मी असं लिहीन:

‘दादा, मनापासून अभिनंदन. वहिनी आणि बाळ दोघंही छान असोत. मालिशवाल्या बाई येतील तेव्हा जवळ बस आणि बाळाला पायावर घ्यायला शिकून घे. वहिनींना माझा नमस्कार सांग.’

यात वहिनी दोनदा आल्या आहेत, आणि ते मुद्दाम आहे. मेसेज शक्यतो त्याला एकट्यालाच पाठवावा. ग्रुपवर टाकला की मागोमाग तीस पुष्पगुच्छ येतात आणि प्रत्येकाला हात जोडत बसणं त्याच्या नशिबी येतं.