ऑगस्टचा पूर आणि मार्चचा ताळेबंद

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले. पेठेतली दुकाने आणि गोदामे बुडाली, शेकडो व्यापाऱ्यांचा माल भिजला. नेमक्या त्याच काळात अनेक खासगी कंपन्यांचे 31 मार्च 2019 चे हिशेब लेखापरीक्षकाच्या टेबलावर होते, कारण वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि छोट्या कंपन्यांच्या अहवालांवर सह्या बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच होतात. हिशेब मार्चचे, सही सप्टेंबरची आणि मध्ये एवढा मोठा पूर. मग हे नुकसान मार्चच्या ताळेबंदात दाखवायचे की नाही?

उत्तर एका उदाहरणातून पाहू. समजा, सांगलीत हळदीचा व्यापार करणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तिच्या कच्च्या हिशेबात वर्षाचा नफा 24 लाख रुपये आहे. लेखापरीक्षक 20 सप्टेंबरला सही करणार आहे. लेखापरीक्षणाचे मानक एसए 560 त्याला सांगते की ताळेबंदाच्या तारखेपासून अहवालाच्या तारखेपर्यंत काय घडले, हे शोधणे त्याचे काम आहे. कोणी येऊन सांगेल म्हणून वाट पाहणे पुरेसे नाही.

शोधताना त्याला पहिली गोष्ट सापडते ती इंदूरच्या एका गिऱ्हाइकाची. त्याच्याकडून 18 लाख येणे होते. जूनमध्ये त्याच्याविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि पैसे मिळण्याची आशा संपली. ही बातमी जूनची असल्यामुळे नुकसान पुढच्या वर्षात टाकू, असे कंपनीचे मालक म्हणतात. लेखापरीक्षक मात्र येणेकऱ्याचे खाते उघडतो. शेवटची रक्कम डिसेंबरमध्ये आली होती आणि फेब्रुवारीत दोन चेक न वटता परत आले होते. म्हणजे गिऱ्हाईक मार्चअखेरीसच बुडत होते, जूनच्या कारवाईने ते फक्त सिद्ध झाले. ही अॅडजस्टिंग घटना. ताळेबंदाच्या दिवशी असलेल्या परिस्थितीचा पुरावा नंतर मिळाला, म्हणून मार्चचेच आकडे बदलायचे. 24 लाखांचा नफा इथेच 6 लाखांवर येतो.

हेच गिऱ्हाईक मार्चमध्ये धडधाकट असते, वेळेवर पैसे देत असते आणि मे महिन्यात त्याचा कारखाना जळून ते बुडाले असते, तर निकाल उलट लागला असता. रक्कम तीच, गिऱ्हाईक तेच, पण बुडण्याचे कारण 31 मार्चनंतर जन्मले. सगळी परीक्षा इथेच आहे. बातमी कधी आली याला महत्त्व नाही, कारण कधी निर्माण झाले ते पाहायचे. माझ्या मते बहुतेक चुकीच्या नोंदी हा फरक न केल्यामुळेच होतात.

हळदीच्या साठ्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. 31 मार्चला गोदामात 500 क्विंटल जुनी हळद होती, खरेदी 8,000 रुपये क्विंटलने, म्हणून साठ्याची किंमत 40 लाख लावली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती 7,000 ने विकली गेली आणि हमाली, तोलाई वगैरे खर्च क्विंटलमागे 100 रुपये आला. हाती आले 34 लाख 50 हजार. साठा खरेदीची किंमत आणि विकून पदरात पडणारी किंमत यांपैकी जी कमी असेल तिने दाखवायचा असतो. नवी हळद मार्चमध्येच बाजारात आल्याने जुन्या मालाचा भाव तेव्हाच पडला होता, हे त्या महिन्याच्या बाजारभावांवरून दिसते. म्हणून एप्रिलची विक्री मार्चच्या किमतीचा पुरावा ठरते आणि साडेपाच लाख कमी करावे लागतात. मात्र हीच हळद जुलैमध्ये, तेव्हा नव्याने पडलेल्या भावाने विकली असती, तर ती विक्री मार्चबद्दल फारसे काही सांगत नाही. वर्षअखेरीपासून विक्री जितकी लांब, तितका तिचा पुरावा कमकुवत.

एक कामगार नोव्हेंबर 2018 मध्ये जखमी झाला होता. भरपाईसाठी कंपनीने 2 लाखांची तरतूद केली होती, जुलैच्या निकालात 6 लाख द्यायचे ठरले. अपघात वर्षाच्या आतला असल्याने आणखी 4 लाख मार्चच्या हिशेबात जातात. कच्च्या हिशेबातला 24 लाखांचा नफा आता साडेतीन लाखांचा तोटा झाला.

आणि पूर? त्यात कंपनीचा 60 लाखांचा माल गेला, आतापर्यंतच्या सगळ्या रकमांपेक्षा मोठा आकडा. तरी मार्चच्या नफ्या-तोट्यात त्यातला एक रुपयाही येत नाही. 31 मार्चला गोदाम कोरडे होते. ही नॉन-अॅडजस्टिंग घटना. पण आकडे बदलायचे नाहीत याचा अर्थ गप्प बसायचे, असा नाही. बँक आणि भागधारक हे हिशेब सप्टेंबरनंतर वाचणार आहेत, त्यांना माल बुडाल्याचे कळलेच पाहिजे. अशी कंपनी लेखा मानक एएस 4 पाळते, त्यानुसार ही माहिती संचालकांच्या अहवालात द्यायची. मोठ्या कंपन्यांना लागू असलेले इंड एएस 10 ती हिशेबांच्या टिपांमध्ये मागते. घटना काय आणि तिचा अंदाजे परिणाम किती, हे दोन्ही लिहावे लागते.

याला एक अपवाद आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. पुरामुळे कंपनी पुढे चालूच शकणार नसेल, तर चालू धंदा गृहीत धरून केलेला ताळेबंद तसाच ठेवता येत नाही. म्हणून लेखापरीक्षकाला विमा पाहावा लागतो. फायर पॉलिसीत पुराचे संरक्षण ठेवले होते, की हप्ता कमी करण्यासाठी ते वगळले होते? कंपनीचे भांडवल 80 लाख असेल आणि विम्यातून बहुतेक रक्कम मिळणार असेल, तर धंदा तगेल. विमाच नसेल आणि बँकेचे कर्ज डोक्यावर असेल, तर प्रश्न वेगळा होतो.

हे सगळे सापडते ते साध्या कागदांत. मार्चनंतरचे बँक स्टेटमेंट, एप्रिल ते सप्टेंबरमध्ये दिलेल्या क्रेडिट नोटा, संचालक मंडळाच्या सभांचे इतिवृत्त, वकिलांचे पत्र. एप्रिलमध्ये अचानक मोठ्या क्रेडिट नोटा निघाल्या असतील, तर मार्चची विक्री फुगवलेली असण्याची शंका घ्यावी. शेवटी व्यवस्थापनाकडून लेखी निवेदन घेतात आणि त्याची तारीख अहवालाच्या तारखेच्या शक्य तितकी जवळ असावी लागते. गफलत बहुधा इथे होते. तपासणी जूनमध्ये संपते, सही सप्टेंबरमध्ये होते आणि मधले अडीच-तीन महिने कोणी पाहतच नाही. फायलीत शेवटचे पाहिलेले इतिवृत्त जूनचे असेल, तर हे लगेच ओळखू येते.

तारखेचा फरक किती मोठा असतो, हे कोविडने दाखवले. 31 डिसेंबर 2019 ला वर्ष संपलेल्या विदेशी कंपन्यांना साथीचे परिणाम साधारणपणे फक्त जाहीर करायचे होते. आपल्याकडे टाळेबंदी 25 मार्च 2020 ला सुरू झाली, म्हणून 31 मार्चच्या आकड्यांतच तिचा विचार करावा लागला.

सही झाल्यावर लेखापरीक्षकाने आणखी शोध घेण्याची सक्ती नसते. पण हिशेब बाहेर जाण्याआधी आकडे बदलणारी गोष्ट कानावर आली, तर ती व्यवस्थापनाशी बोलून, हिशेब दुरुस्त करून, मधला काळ पुन्हा तपासून नव्या तारखेचा अहवाल द्यावा लागतो. सभेनंतर कंपनीला आपणहून हिशेब सुधारायचे झाले, तर कंपनी कायद्याच्या कलम 131 नुसार न्यायाधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.