‘देवाने न्यावे’ असे घरातले वडीलधारे म्हणतात तेव्हा

‘आता देवाने न्यावे’ हे वाक्य ज्या घरात कधीच ऐकू आले नाही, असे वृद्धांचे घर आपल्या जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. दहांपैकी नऊ वेळा त्यात थकवा असतो, थोडी तक्रार असते, कधी परमार्थही असतो. मात्र एखाद्या वेळी त्यामागे स्वतःचा जीव संपवण्याचा विचार दडलेला असतो. वाक्य दोन्ही वेळा तेच असल्यामुळे नुसते ऐकून फरक कळत नाही, विचारावे लागते. डॉक्टर हे कसे विचारतात आणि मिळालेल्या उत्तरांचे काय करतात, हे आपणांस ठाऊक असावे. कारण त्या चौकशीतील निम्मी माहिती घरच्यांकडूनच येते.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका व्यक्तीचे नाही, अनेक रुग्णांच्या हकिकतींवरून मी ते जुळवले आहे. वय 72, पत्नी जाऊन आठ महिने झालेले. दोन्ही मुले सुनांसह कोयता घेऊन दसऱ्यानंतर कारखान्यावर गेलेली. घरी शाळकरी नातू आणि नात. या गृहस्थांना आपण आबा म्हणू. गुडघेदुखी आणि झोपेची तक्रार घेऊन ते एका महिन्यात तिसऱ्यांदा दवाखान्यात आले, सोबत पुतण्या होता. तपासणीत गुडघे पूर्वीइतकेच दुखरे होते, वजन मात्र चार किलोंनी घटलेले. औषध लिहून देत असताना आबा म्हणाले, “गोळ्या कशाला वाया घालवता डॉक्टरसाहेब, देवानं न्यावं आता.”

येथे तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे जोखमीचे घटक. वार्धक्य, पुरुष असणे, अलीकडचे वैधव्य, दीर्घकाळची वेदना, एकटेपणा, कर्ज, दारू, पूर्वी केलेला प्रयत्न, कुटुंबात घडलेली आत्महत्या, ही त्यांची यादी. आबांच्या बाबतीत त्यातील चार-पाच गोष्टी होत्या. परंतु त्याच गोष्टी त्यांच्या गल्लीतील आणखी पाच वृद्धांच्या बाबतीतही खऱ्या होत्या, आणि ते पाचही जण पारावर गप्पा मारत बसलेले आढळतील. 2017 साली पन्नास वर्षांतील 365 अभ्यास एकत्र तपासण्यात आले, तेव्हा केवळ अशा घटकांवरून केलेले भाकीत नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरे ठरते असे दिसून आले. म्हणून ही यादी ‘कोणाला विचारायचे’ एवढेच सांगते. आज रात्री काय होईल, हे ती सांगत नाही. ‘आमच्या वडिलांना कर्ज नाही, व्यसन नाही, मग काळजी कसली’ असे समाधान करून घेणे त्यामुळेच घातक ठरते.

दुसरी गोष्ट धोक्याच्या खुणा. घटक वर्षानुवर्षे तसेच राहतात, खुणा मात्र गेल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत उमटलेल्या असतात. खूण ओळखण्याचा माझा निकष एकच आहे, तो म्हणजे बदल. जो माणूस कधीच देवळात जात नसे, तो गेला नाही तर त्यात काही विशेष नाही. आबा मात्र दर एकादशीला भजनात टाळ धरत आणि गेल्या दोन एकादशांना ते उठलेच नव्हते. मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्या होत्या. पत्नीची बोरमाळ धाकट्या सुनेकडे पाठवून दिली होती, आणि जमिनीचे कागद कोणत्या पेटीत आहेत हे सातवीतल्या नातवाला दोनदा समजावून सांगितले होते. यातील एकेक गोष्ट पाहिली तर ती शहाण्या म्हाताऱ्याची निरवानिरव वाटते. सगळ्या एकाच महिन्यात, न विचारता, घाईने घडल्या, म्हणून त्या खुणा ठरतात. आणखी एक खूण घरच्यांना हमखास फसवते. आठवडेच्या आठवडे अस्वस्थ असलेला माणूस, परिस्थितीत काहीही बदल नसताना, एकाएकी शांत होतो. घरातले सुटकेचा श्वास घेतात, डॉक्टरने मात्र तेथे थांबून विचारले पाहिजे.

हे सारे पुतण्याने सांगितले, पण आबांसमोर नव्हे. आधी मी त्याला बाहेर बसण्यास सांगितले. घरच्या माणसासमोर वृद्ध मनुष्य खरे बोलत नाही, कारण त्याला कोणावर भार व्हायचे नसते. त्याच वेळी आबांना हेही सांगितले की, तुमचे बोलणे मी गावभर करणार नाही, परंतु तुमच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर एका माणसाला तरी सांगावे लागेल. ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊन सुरू झालेली चौकशी अर्ध्यावर अडकते.

प्रश्न पायरीपायरीने विचारायचे असतात. पहिली पायरी, “रात्री झोपलो तर सकाळी उठूच नये, असं वाटतं का?” आबा म्हणाले, “रोजच वाटतं.” येथपर्यंत ते ‘देवाने न्यावे’च्याच अर्थात होते, म्हणजे नेणारा देव. दुसरी पायरी तो अर्थ बदलते. “आपण स्वतःहून आपला जीव संपवावा, आत्महत्या करावी, असा विचार मनात येतो का?” शब्द असेच स्पष्ट हवेत. ‘जिवाचं बरंवाईट’, ‘काही वेडंवाकडं’ असे आडपडद्याचे शब्द वापरले की उत्तरही आडपडद्याचे येते. ‘तसलं काही मनात नाही ना?’ असा प्रश्न तर त्याहून वाईट, त्यात ‘नाही’ हे उत्तर आपणच पुरवलेले असते. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. अभ्यासांत तसे आढळलेले नाही, उलट बरेच जण मोकळे होतात. आबा बराच वेळ गप्प राहिले. मीही गप्प राहिलो. मग ते म्हणाले, “येतो. रातच्याला येतो.”

पुढच्या पायऱ्या अशा. कसे करायचे याचा विचार झाला आहे का? त्यासाठी लागणारे हाताशी आहे का? कधी, हे ठरले आहे का? आणि शेवटी, यापूर्वी, विशेषतः गेल्या तीन महिन्यांत, त्या दिशेने काही केले आहे का, अगदी सुरुवात करून थांबलात असे तरी? पहिल्या दोहोंना आबांनी मान हलवली, त्याचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. ‘कधी’ला ते म्हणाले, “ठरवलं नाही. लेकरं गेली की बघू.” आणि शेवटच्या प्रश्नाला, “चार दिवसांमागं उठून गोठ्यापस्तोर गेलतो. नातीनं हाक मारली. परत आलो.”

तिसरी गोष्ट म्हणजे माणसाला धरून ठेवणारे आधार. आबांच्या बाबतीत तो आधार म्हणजे नात. आधाराची चौकशी करताना पुष्कळदा गफलत होते. नातवंडे आहेत, श्रद्धा आहे, मुले विचारपूस करतात, असे मोजून जोखमीतून वजा केले जाते. हा जमाखर्च नव्हे. आधार आहे का, एवढेच विचारून भागत नाही; तो आज खरोखर धरून आहे का आणि कधीपर्यंत धरील, हे विचारावे लागते. आबांना भजनाची श्रद्धा होती, पण ते भजनाला जात नव्हते. मुले प्रेमळ होती, पण दोनशे-तीनशे किलोमीटरवर फडात होती. उरली नात, आणि येत्या सोमवारी थोरला मुलगा येऊन दोन्ही लेकरांना कारखान्यावर नेणार होता. म्हणजे सर्वांत मोठ्या आधाराला संपण्याची तारीख होती, आणि आबांच्या मनातील ‘कधी’ नेमके तेथेच येऊन थांबत होते. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे, कारण येथे वृद्धांचे आधार हंगामाप्रमाणे येतात आणि जातात.

पुतण्याला आबांच्या संमतीने आत बोलावले. त्याने ऐकले आणि लगेच आबांचा हात नातीच्या नावाने स्वतःच्या डोक्यावर ठेवला, “काका, शपथ घ्या.” आबांनी शपथ घेतलीही असती. शपथेने घरच्यांना धीर येतो, रुग्णाचा धोका मात्र कमी होत नाही. पुढच्या वेळी तो सांगायचे टाळतो, एवढेच.

स्पष्ट विचार, कसे करायचे हे ठरलेले आणि चार दिवसांपूर्वी उचललेले पाऊल, एवढे असल्यावर ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणून चालत नाही. आबांना त्याच दिवशी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात पाठवले. चिठ्ठीत ‘नैराश्य’ एवढाच शब्द न लिहिता त्यांची उत्तरे जशीच्या तशी लिहिली. पोहोचेपर्यंत पुतण्या क्षणभरही त्यांना एकटे सोडणार नव्हता. दुसऱ्या पुतण्याने घरातील फवारणीची औषधे त्याच संध्याकाळी वाड्याबाहेर, किल्ली दुसऱ्याच्या हाती राहील अशा जागी हलवली. असा विचार अनेकदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या अवधीत हाताशी काही नसणे यावर जीव अवलंबून असतो.

उत्तरे केवळ पहिल्या पायरीवर थांबली असती तर मार्ग वेगळा असता. नैराश्याचे उपचार, आठवड्याच्या आत पुन्हा भेट, मध्ये फोन. भेट पुन्हा पुन्हा होणे हाच उपचाराचा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यात आपले चेन्नईही होते, प्रयत्नातून वाचलेल्यांशी दीड वर्षात नऊ वेळा संपर्क ठेवल्याने आत्महत्येने होणारे मृत्यू घटले होते.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. कधी कधी अंगात उभारी आधी येते आणि मन मागे राहते, म्हणून ‘आता हिंडू-फिरू लागले’ म्हणून पहारा सैल करू नये. गोळ्या आठवड्यापुरत्याच घरी ठेवाव्यात, त्याही दुसऱ्याच्या ताब्यात. प्रत्येक भेटीत तेच पायऱ्यांचे प्रश्न पुन्हा विचारले जातील. त्यांचा कंटाळा दाखवू नये.

पुष्कळ कुटुंबे ‘पोलीस केस होईल’ या भीतीने डॉक्टरपासून लपवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 प्रमाणे, प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. तिची काळजी घेणे व उपचार करणे हे शासनाचे कर्तव्य मानले आहे.

दवाखान्यात जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून न्या: गेल्या महिन्यात काय बदलले, कोणत्या तारखेला काय बोलले, कोणती औषधे थांबवली, घरातून कोण कधी जाणार आहे. डॉक्टरांशी पाच मिनिटे एकट्याने बोलायला मागा. रात्री-अपरात्री शंका आली तर टेलि-मानसचा 14416 हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो; मराठीत बोलता येते आणि काळजी घेणाऱ्यानेही फोन करावा. माणसाने पाऊल उचलायला सुरुवात केली असेल तर फोनवर वेळ न घालवता 108 ची रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहा.